अनलेसनंतर ‘डोन्ट’, सो दॅटनंतर ‘टू’: पाहुण्यांना इंग्रजीत मेसेज लिहिताना होणाऱ्या दोन चुका कशा काढायच्या

माझ्या मावसबहिणीचं तारकर्लीत चार खोल्यांचं होमस्टे आहे. गेल्या डिसेंबरात बंगळूरहून एक चौकोनी कुटुंब आलं. रात्री पानात सुरमईची तळलेली तुकडी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं, तसे चौघांनीही हात मागे घेतले. सगळे शाकाहारी. ‘आधी कळवायचं होतं हो’, असं ही म्हणाली, तर त्या गृहस्थांनी शांतपणे फोन पुढे केला. त्यात हिचाच मेसेज होता:

‘वुई विल कुक फिश फॉर डिनर अनलेस यू डोन्ट टेल अस.’

रात्री तिचा मला फोन. ‘तो म्हणता, तुमीच तसा लिवल्यात. मिया खंय तसा लिवलंय?’ लिहिलं होतं तिनेच. तिच्या मनात होतं, ‘तुम्ही काही सांगितलं नाहीत तर आम्ही मासे करणार.’ कागदावर उतरलं ते असं: ‘आम्ही मासे करू, पण तुम्ही काही सांगितलं नाहीत तर करणार नाही.’ पाहुण्यांनी मेसेज वाचला, गप्प राहिले तर मासे होणार नाहीत असं समजले आणि गप्प राहिले. चूक त्यांची नव्हती.

मी मालवणात इंग्रजी शिकवते, आणि किनाऱ्यावरच्या ओळखीच्या घरांतले असे मेसेज तपासायला माझ्याकडे येतात. त्यातल्या दोन चुका इतक्या ठरलेल्या आहेत की मेसेज उघडायच्या आधीच मी त्या शोधू लागते. एक, अनलेसच्या पोटात आणखी एक नकार. दुसरी, ‘सो दॅट’च्या मागे अर्धवट लटकलेलं वाक्य. दोन्ही चुकांचं मूळ आपल्या मराठीच्या सवयीत आहे, त्यामुळे नुसतं ‘चूक आहे’ म्हणून त्या सुटत नाहीत. सवय कुठे अडवायची ते ठाऊक हवं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. क्रम बदललात तर दुसरी पायरी पहिलीशिवाय चालत नाही, हे लगेच कळेल.

## तयारी: आधी आपलेच जुने मेसेज बाहेर काढा

नवा मेसेज लिहिण्याआधी जुने बघा. चूक बहुतेक वेळा एकदाच होते आणि मग सेव्ह केलेल्या उत्तरातून शंभर वेळा जाते. व्हॉट्सॲपच्या शोधात हे तीन शब्द एकेक करून टाका:

```
unless
until
so that
```

जे मेसेज सापडतील, त्यांतले चार-पाच वहीत उतरवा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. फोनवरच दुरुस्त करायला बसू नका. फोनवर वाक्य लहान दिसतं आणि डोळा जुन्या सवयीने त्यावरून घसरतो. वहीत ‘नॉट’, ‘डोन्ट’, ‘कान्ट’ यांच्याभोवती गोल करता येतो, आणि या कामात ते गोल मोजावे लागतात.

दाराला लावलेली पाटी, रेट कार्ड, बोटीच्या वेळेचा कागद, हेही सोबत घ्या. पाटीवरची चूक मेसेजपेक्षा जुनी असते.

## 1. मनातलं वाक्य मराठीत लिहा आणि त्यातले नकार मोजा

आपण इंग्रजी लिहितो तेव्हा वाक्य आधी मराठीत तयार झालेलं असतं, मग ते नाकारण्यात अर्थ नाही. उलट तेच आधी लिहून काढा. अट सांगायला मराठीत आपण मुख्यतः तीन घाटांची वाक्यं वापरतो:

‘ॲडव्हान्स भरला नाहीत तर खोली राखून ठेवणार नाही.’
‘जोपर्यंत ॲडव्हान्स भरत नाही, तोपर्यंत खोली राखून ठेवणार नाही.’
‘ॲडव्हान्स भरल्याशिवाय खोली राखून ठेवणार नाही.’

अर्थ तिन्हींचा जवळजवळ एकच. पण नकार मोजा. पहिल्या दोन वाक्यांत ‘नाही’ दोनदा आहे, एक अटीत आणि एक परिणामात. तिसऱ्यात ‘नाही’ एकदाच, फक्त परिणामात, कारण अटीतला नकार ‘शिवाय’ या शब्दाने गिळला आहे.

इंग्रजीतला ‘अनलेस’ हा आपल्या ‘-ल्याशिवाय’चा सख्खा भाऊ आहे. तोही अटीतला नकार स्वतःच्या पोटात घेऊन येतो. आपण मराठीत कधी ‘न भरल्याशिवाय खोली मिळणार नाही’ म्हणतो का? कानाला लगेच खटकतं. ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे नेमकं तेच, ‘न भरल्याशिवाय’.

गडबड कुठे होते, तर मनात पहिला किंवा दुसरा घाट असतो आणि हात तिसऱ्या घाटाचा शब्द लिहितो. ‘भरला नाहीत तर’ याचं सरळ इंग्रजी ‘इफ यू डोन्ट पे’. लिहिणाऱ्याला ‘इफ’ फार साधा वाटतो, म्हणून तो काढून जागी ‘अनलेस’ बसवतो, आणि ‘डोन्ट’ तिथेच राहून जातो. तारकर्लीच्या मेसेजात हेच झालं. ‘इफ यू डोन्ट टेल अस’ असं लिहिलं असतं, तर तिला हवं तेच पोचलं असतं.

सावध: ‘अनलेस’ हा ‘इफ’चा सुशिक्षित अवतार नाही. ‘अनलेस’ म्हणजे ‘इफ’ अधिक ‘नॉट’. ‘इफ’ काढून ‘अनलेस’ घालायचा असेल, तर त्याच वेळी ‘नॉट’ही उचलावा लागतो. दोन्ही कामं एका झटक्यात करा, एक आत्ता आणि एक मग असं नको.

## 2. अट ‘-ल्याशिवाय’मध्ये फिरवून घ्या

आता वहीतलं मराठी वाक्य तिसऱ्या घाटात बदला. ही पायरी फुकट वेळ खाणारी वाटते, पण सगळी दुरुस्ती हिच्यातच आहे.

‘शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स आला नाही तर खोली दुसऱ्याला देऊ’ हे वाक्य घ्या. ‘-ल्याशिवाय’मध्ये ते सरळ बसत नाही. ‘ॲडव्हान्स आल्याशिवाय खोली दुसऱ्याला देऊ’ म्हटलं तर अर्थच बिघडतो. म्हणून इथे थांबा. मराठीत ‘-ल्याशिवाय’च्या पुढे परिणाम नकारीच लागतो. इंग्रजीत ‘अनलेस’ला तसं बंधन नाही, तो होकारी परिणामाबरोबरही चालतो:

‘अनलेस यू पे बाय फ्रायडे, वुई विल गिव्ह द रूम टू समवन एल्स.’

अशा वाक्यासाठी मराठीतला दुसरा जोडीदार वापरा: ‘अपवाद एवढाच की’. ‘खोली दुसऱ्याला देऊ, अपवाद एवढाच की तुम्ही शुक्रवारपर्यंत पैसे भरले तर.’ वाक्य अवजड आहे, पाहुण्याला पाठवायचं नाही, पण वहीत ते लख्ख दाखवतं की अट होकारी आहे: पैसे *भरले* तर. माशांच्या मेसेजालाही हीच कसोटी लावा. ‘मासे करू, अपवाद एवढाच की तुम्ही *सांगितलं* तर.’ म्हणजे ‘अनलेस यू टेल अस’. ‘डोन्ट’ला जागाच नाही.

दोन जोडीदार लक्षात ठेवले की पुरे: परिणाम नकारी असेल तर ‘-ल्याशिवाय’, होकारी असेल तर ‘अपवाद एवढाच की’.

## 3. इंग्रजी वाक्य बांधा

आता इंग्रजीत उतरवा. अटीच्या भागात तीनच गोष्टी येतात: अनलेस, मग कर्ता, मग क्रियापद. क्रियापद साध्या वर्तमानकाळात.

‘वुई कॅनॉट होल्ड द रूम अनलेस यू पे द ॲडव्हान्स.’

इथे दुसरी एक सवय आड येते. पैसे उद्या भरायचे आहेत, म्हणून हात ‘अनलेस यू विल पे’ लिहितो. अटीच्या भागात ‘विल’ नको, काळ भविष्याचा असला तरी. ‘विल’ जायचा तर परिणामाच्या भागात जाईल: ‘वुई विल नॉट होल्ड’.

वाक्य अनलेसने सुरू केलंत तर अट संपते तिथे स्वल्पविराम द्या. अनलेस मध्ये आला तर सहसा स्वल्पविराम लागत नाही.

आणखी एक चूक कमी दिसते, पण दिसते तेव्हा महाग पडते. ‘अनलेसमध्ये नकार असतो’ हे कळलं की काही जण परिणामातला नकारही काढून टाकतात आणि लिहितात, ‘अनलेस यू पे द ॲडव्हान्स, वुई विल होल्ड द रूम.’ म्हणजे पैसे भरू नका, खोली तुमचीच. अनलेस फक्त आपल्या बाजूचा नकार गिळतो, समोरच्या बाजूचा नाही. तो तुम्हालाच लिहावा लागतो.

तपासा: वाक्याखाली दोन ओळी सोडल्या होत्यात, त्या आता वापरा. पहिल्या ओळीवर ‘भरले’ आणि दुसरीवर ‘भरले नाहीत’ असं लिहा. अनलेसच्या जागी ‘इफ … नॉट’ ठेवून वाक्य वाचा आणि दोन्ही ओळींसमोर काय होतं ते मांडा. तारकर्लीचा मेसेज असा निघतो:

सांगितलं → मासे होणार.
सांगितलं नाही → मासे होणार नाहीत.

बहिणीला हवं होतं नेमकं याच्या उलट. दोन ओळी उलट्या आल्या की एक ‘नॉट’ जास्त आहे किंवा एक कमी आहे, तिसरी शक्यता नाही.

## 4. अनलेसनंतरचा नकार बरोबर असतो, ती जागा ओळखा

‘अनलेसनंतर नॉट कधीच नाही’ असा नियम पाठ केलात तर काही चांगली वाक्यं उगाच मोडाल. हे वाक्य बघा:

‘वुई सर्व्ह सुरमई फॉर डिनर अनलेस यू डोन्ट ईट फिश.’

हे पूर्ण बरोबर आहे. जेवणात सुरमई असते, अपवाद मासे न खाणाऱ्यांचा. इथे अटच मुळात नकारी आहे: मासे *न खाणं*. दोन ओळींची तपासणी करा. खातात, तर सुरमई. खात नाहीत, तर सुरमई नाही. हवं तेच आलं.

असंच दुसरं:

‘वुई विल कुक फिश अनलेस यू टेल अस दॅट यू डोन्ट ईट इट.’

इथे ‘डोन्ट’ दिसतो, पण तो अनलेसचा नाही. अनलेसचं क्रियापद ‘टेल’, आणि ते होकारी आहे. ‘डोन्ट’ हा सांगण्याच्या पोटातला. बहिणीच्या फोनमध्ये मी हेच वाक्य घालून दिलं. म्हणून ‘नॉट’ दिसला की लगेच खोडू नका. आधी बघा की तो कोणत्या क्रियापदाला चिकटला आहे, मग दोन ओळी मांडा. निकाल ओळींचा, नियमाचा नाही.

दुसऱ्या बाजूने, जिथे ‘इफ नॉट’ चालतो तिथे सगळीकडे ‘अनलेस’ चालतोच असंही नाही. ‘पाहुणे सातपर्यंत आले नाहीत तर मला काळजी वाटेल’ याचं इंग्रजी ‘आय विल बी वरीड इफ दे डोन्ट अराइव्ह बाय सेव्हन.’ इथे अनलेस बसत नाही, कारण काळजी ही न येण्यातूनच जन्माला येते, ती आधीपासून चालू नाही. अनलेस लागतो तो आधी ठरलेली गोष्ट अपवादाने मोडते तिथे. शंका आली तर ‘इफ यू डोन्ट’ लिहा. तो कधीच फसवत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

## 5. ‘अंटिल’ आणि ‘विदाउट’ यांना त्यांच्या जागी बसवा

‘जोपर्यंत … नाही तोपर्यंत’ या घाटातून ‘अंटिल यू डोन्ट पे’ तयार होतं. मेसेजात ही चूक अनलेसपेक्षाही जास्त सापडते. उपाय तोच: अंटिलच्या बाजूचा ‘डोन्ट’ काढा. ‘वुई कॅनॉट होल्ड द रूम अंटिल यू पे.’

मग अनलेस की अंटिल? अंटिलमध्ये ती गोष्ट पुढेमागे होणार असं गृहीत असतं, फक्त तोवर थांबायचं. अनलेसमध्ये ती होईल की नाही हेच ठाऊक नसतं. ‘समुद्र शांत होईपर्यंत बोट सुटणार नाही’ यात अंटिल, कारण समुद्र शांत होणारच. ‘सहा माणसं जमल्याशिवाय बोट सुटणार नाही’ यात अनलेस, कारण जमतीलच असं नाही. जेट्टीवर दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हटली जातात, आणि पाहुण्याला त्यातून कळतं की थांबायचं की परत फिरायचं.

आपला ‘शिवाय’ नामालाही लागतो: ‘ओळखपत्राशिवाय खोली मिळणार नाही.’ इथे अनलेस चालत नाही. नामाला ‘विदाउट’: ‘नो रूम विदाउट ॲन आयडी.’ क्रियापदाला ‘शिवाय’ असेल आणि दोन्ही कामं एकाच माणसाची असतील, तर ‘विदाउट’ आणि ‘-इंग’ हेही सुटसुटीत: ‘प्लीज डोन्ट स्विम विदाउट आस्किंग अस.’ कामं दोघांची असली, भरणार पाहुणा आणि राखणार तुम्ही, तर अनलेस.

तपासा: अनलेसच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा. तिथे कर्ता नसून नुसतं नाम असेल, तर बहुतेक तुम्हाला विदाउट हवा आहे.

## 6. ‘म्हणून’ कोणता आहे ते ठरवा

आता दुसरी चूक. तिच्याकडे वळताना इंग्रजी अजून बाजूला ठेवा आणि मराठीतल्या ‘म्हणून’कडे बघा. तो दोन वेगळी कामं करतो आणि आपल्याला ती वेगळी वाटतच नाहीत.

‘वारा होता म्हणून बोट सुटली नाही.’ इथे आधी कारण, मग परिणाम. जे झालं ते झालं, कोणाचा हेतू नाही.

‘सामान भिजू नये म्हणून प्लॅस्टिक बांधलं.’ इथे हेतू. भिजणं अजून झालेलं नाही, ते टाळायचं आहे.

पहिल्या ‘म्हणून’ला नुसता ‘सो’: ‘इट वॉज विंडी, सो द बोट डिड नॉट लीव्ह.’ दुसऱ्याला ‘सो दॅट’: ‘वुई कव्हर्ड द बॅग्ज सो दॅट दे वुड नॉट गेट वेट.’ ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘म्हणून’च्या आधी ‘-वं’, ‘-वी’, ‘-वा’ किंवा ‘नये’ आला असेल (दिसावं म्हणून, मिळावी म्हणून, चुकू नये म्हणून), तर तो हेतूचा. बोलताना आपण हेतूसाठी ‘म्हणजे’ही वापरतो: ‘लवकर निघा, म्हणजे डॉल्फिन दिसतील.’ हाही सो दॅटचाच.

इंग्रजीत बोलताना ‘दॅट’ गाळून हेतूलाही नुसता ‘सो’ म्हणतात, त्यात चूक नाही. पण लिहिताना ‘दॅट’ ठेवा आणि त्याच्या आधी स्वल्पविराम देऊ नका. स्वल्पविराम दिला की वाचणारा ते परिणाम म्हणून वाचायची शक्यता वाढते.

सावध: ‘सो’ आणि ‘दॅट’ यांच्या मध्ये विशेषण आलं तर ते वेगळंच वाक्य आहे. ‘द सी वॉज सो रफ दॅट वुई स्टेड होम’ म्हणजे समुद्र *इतका* खवळला होता *की*. त्यात हेतू नाही.

## 7. हेतू कोणाचा, काम कोणाचं, ते बघून ‘टू’ किंवा ‘सो दॅट’ निवडा

बहुतेक चुका इथे होतात, कारण दोन पर्याय आहेत आणि घाईत ते एकमेकांत मिसळतात. मिसळले की ‘सो दॅट टू फिल द रजिस्टर’, ‘फॉर टू कन्फर्म’, ‘सो दॅट फॉर सेफ्टी’ अशी वाक्यं तयार होतात.

नियम एवढाच आहे. ‘टू’च्या मागे नुसतं क्रियापद, कर्ता नाही. ‘सो दॅट’च्या मागे पूर्ण वाक्य, म्हणजे कर्ता हवाच. दोन्ही एकत्र कधीच नाहीत.

कोणता घ्यायचा हे कर्त्यावरून ठरवा. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची असतील तर ‘टू’ पुरतो. ‘टू कन्फर्म युवर बुकिंग, प्लीज पे द ॲडव्हान्स.’ पाहुणाच पैसे भरणार, पाहुणाच बुकिंग पक्कं करणार. ‘फॉर कन्फर्मिंग’ लिहायची गरज नाही. ‘फॉर’ आणि ‘-इंग’ हे वस्तू कशासाठी आहे ते सांगायला ठेवा: ‘दिस रोप इज फॉर ड्राइंग टॉवेल्स.’

पण मावसबहिणीचं दुसरं वाक्य बघा: ‘काइंडली सेंड आयडी सो दॅट टू फिल द रजिस्टर.’ ‘सो दॅट’ खोडून ‘सेंड आयडी टू फिल द रजिस्टर’ केलं तर व्याकरण सुधारल्यासारखं वाटतं, पण अर्थ फसतो. आयडी पाठवणार पाहुणा, आणि वाक्य म्हणतं रजिस्टरही त्यानेच भरायचं. रजिस्टर तर बहीण भरते. कर्ते दोन आहेत, म्हणून सो दॅट, आणि दुसरा कर्ता स्पष्ट लिहून:

‘प्लीज सेंड युवर आयडी सो दॅट वुई कॅन फिल द रजिस्टर.’

‘वुई’ हा एक शब्द गाळला जातो, कारण मराठीत ‘रजिस्टर भरायला आयडी पाठवा’ म्हटलं की कोण भरणार हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत सांगावं लागतं. परदेशी पाहुणा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्याची माहिती यजमानाला सरकारी पोर्टलवर भरावी लागते. पासपोर्टची प्रत नेमकी कोणाला आणि कशासाठी हवी, हे वाक्यात नसेल तर तो ती द्यायला कचरतो, आणि त्याचं बरोबर आहे.

सो दॅटच्या मागे क्रियापदाला सहसा ‘कॅन’ किंवा ‘विल’ची जोड लागते. झालेली गोष्ट सांगत असाल तर तेच ‘कुड’ आणि ‘वुड’ होतात: ‘वुई केप्ट द लाइट ऑन सो दॅट यू कुड फाइंड द गेट.’

तपासा: ‘सो दॅट’च्या आधीचं सगळं हाताने झाका. उरलेलं स्वतंत्र वाक्य म्हणून उभं राहतं का? ‘वुई कॅन फिल द रजिस्टर’ उभं राहतं. ‘टू फिल द रजिस्टर’ राहत नाही. ‘फॉर सेफ्टी’ राहत नाही, म्हणून तिथे सो दॅट खोडा आणि ‘फॉर सेफ्टी’ एकटंच ठेवा.

## 8. ‘नये म्हणून’ लिहिताना नकार जागेवर ठेवा

इथे नियम अनलेसच्या उलट आहे, आणि नुकतंच अनलेस शिकलेला माणूस इथेच घसरतो. सो दॅटच्या पोटात नकार नसतो. ‘बोट चुकू नये म्हणून सातच्या आत या’ यातला ‘नये’ तुम्हालाच लिहावा लागतो:

‘प्लीज कम बिफोर सेव्हन सो दॅट यू डोन्ट मिस द बोट.’

‘कम अर्ली टू नॉट मिस’ किंवा ‘कम अर्ली नॉट टू मिस’ अशी वाक्यं मला वरचेवर दिसतात. नुसत्या ‘टू’ला हेतूचा नकार नीट पेलत नाही. ‘टू’च ठेवायचा असेल तर ‘सो ॲज नॉट टू मिस’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू मिस’ असं लिहावं लागतं. बरोबर आहे, पण पाहुण्याच्या मेसेजात ते कचेरीच्या पत्रासारखं वाटतं. मी सो दॅटच सुचवते.

## 9. पूर्ण मेसेज: आधीचा आणि नंतरचा

दोन रात्री, रोज 3000 रुपये, म्हणजे 6000. त्यातले निम्मे, 3000, आगाऊ. सकाळी सातला बोट. बहीण पाठवायची तो मेसेज असा:

‘अनलेस यू डोन्ट पे 3000 ॲडव्हान्स, बुकिंग विल नॉट कन्फर्म. काइंडली सेंड आयडी सो दॅट टू फिल द रजिस्टर. कम बिफोर सेव्हन फॉर टू नॉट मिस द बोट. वुई विल कुक फिश फॉर डिनर अनलेस यू डोन्ट टेल अस.’

पहिलं वाक्य दोन ओळींत मांडलं: भरले तर पक्कं नाही, भरले नाहीत तर अनलेसची आडकाठीच उरत नाही. ‘डोन्ट’ गेला. ‘विल नॉट कन्फर्म’मध्ये बुकिंग स्वतःच काहीतरी करतंय असं होतं, म्हणून तेही बदललं. मुदत नव्हती, ती घातली. मुदतीला ‘बाय’ लागतो. ‘टिल फ्रायडे’ लिहिलं तर शुक्रवारपर्यंत भरतच राहा असा अर्थ निघतो.

मग मी क्रमही फिरवला. विनंती सो दॅटने आधी, अट अनलेसने मागून. अनलेसने सुरू होणारा मेसेज पहिल्याच शब्दाला दम दिल्यासारखा वाटतो, आणि अजून घरी न आलेल्या माणसाशी आपण तसं बोलत नाही. झाला तो असा:

‘प्लीज पे द ॲडव्हान्स ऑफ 3000 रुपीज बाय सिक्स पीएम ऑन फ्रायडे सो दॅट वुई कॅन होल्ड द रूम फॉर यू. वुई कॅनॉट होल्ड इट आफ्टर दॅट अनलेस वुई रिसीव्ह द पेमेंट. प्लीज सेंड अ फोटो ऑफ युवर आयडी सो दॅट वुई कॅन फिल द रजिस्टर. द बोट लीव्हज ॲट सेव्हन, सो प्लीज बी ॲट द जेट्टी बाय सिक्स फॉर्टी-फाइव्ह सो दॅट यू डोन्ट मिस इट. वुई विल कुक फिश फॉर डिनर अनलेस यू टेल अस दॅट यू डोन्ट ईट इट.’

शेवटून दुसऱ्या वाक्यात दोन ‘सो’ आहेत. पहिला कारणाचा: बोट सातला सुटते *म्हणून*. दुसरा हेतूचा: चुकू *नये म्हणून*. दोघांच्या मागे पूर्ण वाक्यं आहेत.

पाठवण्याआधी एकच काम उरतं. जुना मेसेज सेव्ह केलेल्या उत्तरांतून काढून टाका. नवा त्याच्याखाली ठेवू नका. बहिणीने नवा ठेवला, जुना तसाच राहिला, आणि जानेवारीत तिच्या मुलाने घाईत वरचा जुनाच मेसेज पुण्याच्या एका मंडळीला पाठवला. नशिबाने ती मंडळी मासे खाणारी होती.